कुंथत नाही, थोपवतंय

संध्याकाळची वेळ. मूल गाडी फिरवता फिरवता मध्येच थांबतं. सोफ्यामागे नाहीतर दाराच्या पडद्याआड जातं, एका हाताने पडदा घट्ट धरतं आणि टाचा उचलून चवड्यांवर उभं राहतं. पायाला पाय अडकवलेला, गुडघे ताठ, ढुंगण आवळलेलं, चेहरा लालबुंद. कपाळावर घाम. दोन-तीन मिनिटं असं गेलं की अंग सैल पडतं आणि स्वारी परत गाडीकडे वळते. स्वयंपाकघराच्या दारातून हे पाहणारी आजी म्हणते, "बिचारं किती कुंथतंय गं, पण होतच नाही त्याला."

ते कुंथत नाहीये. आलेली शी ते परत आत ढकलतंय. या दोन्हीत सगळा फरक आहे, कारण कुंथणाऱ्या मुलाला "जोर लाव" म्हणून चालतं, पण थोपवणाऱ्या मुलाला तेच सांगितलं की ते आणखी घट्ट आवळून घेतं. ओळखायचं कसं, तर शरीराचा आकार बघायचा. ज्याला शी करायची आहे ते मूल पुढे झुकतं, गुडघे पोटाशी घेतं, उकिडवं बसतं. ज्याला करायची नाही ते सरळ होतं, मागे रेलतं, पाय जुळवतं, कशाला तरी धरून उभं राहतं. सहा महिन्यांचं बाळ कुंथतं तेव्हा खरंच कुंथत असतं. दीड ते चार वर्षांचं मूल पडद्याआड चवड्यांवर उभं असेल तर ते बहुतेक वेळा थोपवत असतं.

सुरुवात एका शीने होते. ताप येऊन गेला, चार दिवस पाणी कमी प्यायलं गेलं. किंवा अंगावरचं दूध सुटून दिवसाला लिटरभर वरचं दूध सुरू झालं. किंवा गावाला गेल्यावर तिथल्या अंधाऱ्या संडासात बसायला नको वाटलं. काहीही निमित्त पुरतं. एक शी कडक आणि जाड झाली, बाहेर येताना कातडीला बारीक चीर पडली. डॉक्टर त्याला फिशर म्हणतात. शीवर रक्ताची एखादी लाल रेघ दिसली असेल, नसेलही. मोठ्या माणसाला कळतं की आज दुखलं, उद्या कदाचित दुखणार नाही. अडीच वर्षांच्या मुलाचा हिशेब साधा असतो: शी दुखते, म्हणून शी करायची नाही. त्याच्या जागी हा हिशेब अगदी बरोबर आहे.

पुढचं काम शरीर करतं. मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा धंदाच मुळी पाणी शोषायचा. शी एक दिवस जास्त राहिली की तिच्यातलं पाणी आणखी शोषलं जातं, ती आणखी वाळते, तिच्यावर नवी येऊन थापली जाते. चौथ्या-पाचव्या दिवशी निघते तेव्हा मोठ्या माणसाला लाजवेल इतकी जाड असते, आणि पुन्हा दुखते. मुलाचा हिशेब पक्का होतो. त्यातच गुदाशय रबरी फुग्यासारखा ताणला जातो. ताणलेला गुदाशय भरल्याची खबर वेळेवर देत नाही. पहिल्या महिन्यात थोपवणारं मूल कळ येते म्हणून थोपवत असतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात त्याला कळ येतेय हेच धड कळत नाही. मग "सांगत का नाहीस?" असं विचारण्यात अर्थ उरत नाही.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. आत कडक गोळा अडकलेला असताना वरून येणारी पातळ शी त्याच्या कडेने वाट काढते आणि चड्डीत पाझरते. दिवसातून सहा-आठ वेळा, थोडी थोडी, चिकट, घाण वासाची. घरात एकच शब्द निघतो: जुलाब. या शब्दाने मराठी घरांत मोठी गफलत केली आहे, कारण आपण जुलाब "होतात" असंही म्हणतो आणि जुलाब "देतो" असंही म्हणतो. डॉक्टरांनी दिलेली पावडर म्हणजे जुलाबाचं औषध. पोराला तर आधीच जुलाब होतायत. मग औषध बंद. वर चहा-बिस्किट आणि भाताची पेज. आतला गोळा जिथल्या तिथे. खरे जुलाब आणि हे पाझरणं यांतला फरक चड्डीत दिसतो: जुलाबात एका वेळी बऱ्यापैकी शी होते आणि मूल मलूल असतं, पाझरण्यात नुसते डाग आणि थापलेला चिखल, मूल मात्र खेळत असतं, आणि मागच्या आठवड्यात "खरी" शी कधी झाली हे कुणालाच आठवत नसतं. पोटाच्या डाव्या बाजूला, बेंबीखाली हात फिरवला तर कधी कधी कणकेच्या उंड्यासारखं काहीतरी लागतं.

डॉक्टर याला "फंक्शनल" बद्धकोष्ठता म्हणतात, म्हणजे आतड्याच्या बनावटीत दोष नाही, चालण्यात अडचण आहे. चार वर्षांखालच्या मुलांसाठी रोम निकष वापरतात. महिनाभर पुढच्यांपैकी किमान दोन गोष्टी दिसाव्या लागतात: आठवड्याला दोन किंवा त्याहून कमी वेळा शी, थोपवण्याची सवय, दुखरी किंवा कडक शी, फार जाड शी, गुदाशयात साठलेला मोठा गोळा. डायपर सुटलेल्या मुलांत यात आठवड्याला निदान एकदा चड्डीत होणं आणि संडास तुंबेल इतकी जाड शी होणं यांचीही भर पडते. "रोज झाली पाहिजे" असा निकष कुठेच नाही. एक दिवसाआड मऊ, विनातक्रार शी करणारं मूल ठणठणीत आहे. रोज रडत चार लेंड्या टाकणारं नाही. एक्स-रे काढायचा आग्रह पालक धरतात, त्याची एरवी गरज नसते. नीट विचारपूस आणि पोटाला हात लावून केलेली तपासणी बहुतेक मुलांना पुरते.

काही खुणा मात्र अशा आहेत की तिथे घरी प्रयोग करत बसायचं नाही. जन्मल्यावर पहिली काळी शी ४८ तासांत झाली नव्हती. त्रास पहिल्या महिन्यापासूनच आहे. पोट नगाऱ्यासारखं फुगतं आणि उलटी हिरवी होते. वजन वाढत नाही. शी कायम रिबिनीसारखी चपटी येते. पाय कमजोर वाटतात किंवा कमरेच्या खाली मणक्यावर खळगा, केसांचा झुपका दिसतो. चीर दिसत नसताना रक्त पडतं. यांपैकी काहीही असलं तर बालरोगतज्ज्ञांना ते आपण होऊन सांगायचं, विचारण्याची वाट पाहायची नाही. आतड्यातल्या नसांचा जन्मजात दोष, थायरॉइड, गहू न सोसणारा सीलिॲक असे आजार तेव्हा तपासावे लागतात. यांचं प्रमाण कमी असतं, पण त्यांचे उपचार वेगळे आहेत.

आता घरगुती उपायांकडे, कारण दवाखान्यात येण्याआधी ते होऊन गेलेले असतात. विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून गुदद्वारात फिरवायचा, साबणाची बारीक वात सरकवायची, चमचाभर एरंडेल पाजायचं. पूर्वी हेच हाताशी होतं, त्यामुळे आजीला दोष देण्यात हशील नाही. पण थोपवणाऱ्या मुलाबाबत ही तिन्ही एकाच ठिकाणी चुकतात. साबण आतली नाजूक त्वचा भाजल्यासारखी झोंबवतो. देठाने चिरेवर ओरखडा उठतो. एरंडेल आतड्याला पिळे घालतं, पोटात मुरडा येतो आणि शी झाली तरी दुखून होते. मुलाचा मूळ हिशेबच असा की तिकडे काही घडलं की दुखतं; आपण दोन माणसं धरून त्याला तोच धडा पुन्हा देतो. ग्लिसरीनच्या गोळीचं आणि एनिम्याचंही काही अंशी तेच, म्हणून तोंडावाटे औषध देऊन काम भागत असेल तर तोच मार्ग आधी. फॉस्फेटचा एनिमा दोन वर्षांखालच्या मुलाला द्यायचाच नाही आणि त्यावरच्या मुलालाही दुकानातून आणून घरी द्यायचा नाही. त्याने रक्तातल्या क्षारांचं प्रमाण जिवावर बेतेल इतकं बिघडू शकतं.

मग करायचं काय? एक मूल डोळ्यांसमोर ठेवू. मुलगी, वय दोन वर्षं दहा महिने, वजन १२ किलो. जूनमध्ये प्लेग्रुप सुरू होणार, तिथे "डायपर चालणार नाही" म्हणून मे महिन्यात डायपर बंद केला. कमोडवर लहान सीट टाकली. पाय हवेत लोंबकळतात, खाली भोक, वर फ्लशचा घरघराट. शू ती तिथे करते, शी नाही. पाच-सहा दिवसांनी एकदा, झोपेत किंवा रडत, मुठीएवढी. दोन आठवड्यांपासून चड्डीत डाग.

इथे क्रम महत्त्वाचा आहे आणि बहुतेक घरांत तो उलटा लागतो. आधी आतलं साठलेलं काढायचं, मग पुढचे काही महिने एकही शी दुखणार नाही इतकी मऊ ठेवायची, आणि कमोडचं शिक्षण सगळ्यात शेवटी. गोळा आत असताना रोज अर्धा तास कमोडवर बसवणं म्हणजे कुलूप न काढता दार ढकलत बसणं.

साठलेलं काढायला आज जगभर पहिलं औषध म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल, बोलताना "पेग". पांढरी, बिनवासाची पावडर. ती आतड्याला डिवचत नाही. ज्या पाण्यात विरघळवली ते पाणी धरून ठेवते आणि शीपर्यंत नेऊन पोचवते. म्हणून तिला पाणी कमी पडलं तर ती निरुपयोगी. साठा काढण्यासाठी मार्गदर्शक सूचनांत किलोमागे रोज १ ते १.५ ग्रॅम, तीन ते सहा दिवस, असं प्रमाण आहे. १२ किलोच्या या मुलीला ते १२ ते १८ ग्रॅम होतं. समजा डॉक्टरांनी दिवसाला १६ ग्रॅम लिहिले, सकाळी ८ ग्रॅम आणि संध्याकाळी ८ ग्रॅम. प्रत्येक वेळची पावडर साधारण अर्धा कप, म्हणजे १०० ते १२० मिली पाण्यात, सरबतात किंवा दुधात पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायची आणि अर्ध्या तासात घोट घोट संपवायची. आकडे इथे हिशेब कळावा म्हणून दिले आहेत. आपल्या मुलाचा डोस वजन करून आणि पोट तपासूनच ठरतो, आणि पोट फुगलेलं असेल किंवा उलट्या होत असतील तर हे औषध सुरूच करायचं नसतं.

मोजताना दोन ठिकाणी चूक होते. डब्यातल्या मापाच्या चमच्यात किती ग्रॅम मावतात हे कंपनीगणिक बदलतं, तेव्हा "दोन चमचे" हे माप एका डब्यावरून दुसऱ्यावर नेता येत नाही. चिठ्ठीवर ग्रॅम लिहून घ्यावेत. मोठ्यांचं पाकीट, समजा १७ ग्रॅमचं, आणलं आणि द्यायचे ५ ग्रॅम, तर चिमटीने अंदाज करू नये. अख्खं पाकीट २४० मिली पाण्यात विरघळवून त्यातलं ७० मिली मोजून द्यावं, बाकीचं झाकून फ्रिजमध्ये ठेवावं आणि दुसऱ्या दिवशी नवं करावं. दुसरी चूक दुकानात होते: आतडं तपासण्याआधी ते धुऊन काढायला जी मोठी पाकिटं असतात त्यांच्यावरही हेच नाव असतं, पण त्यांत क्षार असतात आणि ती दोन लिटर पाण्यासाठी बनवलेली असतात. ती वेगळी.

पहिल्या दिवशी बहुधा काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशी चड्डीतलं पाझरणं वाढतं, आणि नेमकी इथेच हिंमत सुटते. पातळ आहे ते कडेने येतंय, गोळा अजून आत आहे. औषध काम करू लागलंय, संपलेलं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोठे तुकडे आणि चिखल एकदम निघतो. शेवटी शी गढूळ पाण्यासारखी येऊ लागते आणि तिच्यात एकही गाठ दिसत नाही, तेव्हा साठा संपला असं समजायचं. हे दिवस सुट्टीत गाठावेत, शाळेत किंवा लग्नघरात नव्हे. आधीपासून ढुंगणाला पेट्रोलियम जेलीचा जाडसर थर लावून ठेवावा, नाहीतर कातडी सोलवटते आणि नवं दुखणं उभं राहतं. या दिवसांत मुलीला चड्डीवरून एक शब्द बोलायचा नाही, डायपर खुशाल घालायचा. उलट्या सुरू झाल्या, पोट ताठ झालं, पाणी पिणं थांबलं किंवा सहा-आठ तास शू झाली नाही, तर पावडर थांबवून लगेच डॉक्टर.

साठा निघाला की त्याच दिवसापासून रोजचा कमी डोस. सुरुवात किलोमागे ०.४ ग्रॅमने, म्हणजे आपल्या मुलीला जवळपास ५ ग्रॅम, दिवसातून एकदा. तो ०.२ ते ०.८ च्या दरम्यान वरखाली करता येतो. शी मोजायला ब्रिस्टल तक्ता आहे. इंग्लंडातल्या ब्रिस्टलमध्ये तयार झालेला, सात प्रकारांचा: पहिला सुट्या लेंड्यांचा, सातवा निव्वळ पाण्याचा. आपल्याला चौथा किंवा पाचवा हवा. स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचं तर सैलसर शिऱ्यासारखी. सुंदर वळलेली, आकार धरलेली शी पाहून मोठ्यांना समाधान वाटतं, पण चीर भरून येईपर्यंत या मुलीला ती नको. लेंड्या दिसल्या तर १ ग्रॅम वाढवायचा, ताकासारखी पातळ झाली तर १ ग्रॅम कमी, आणि प्रत्येक बदलानंतर तीन दिवस थांबायचं, कारण आज दिलेल्या पावडरीचा हिशेब परवा कळतो. एक दिवस पातळ झाली म्हणून डोस गाळला, मग तीन दिवस झाली नाही म्हणून दुप्पट दिला, असा झोका सुरू झाला की कुठलंच औषध लागू पडत नाही. ही किती वरखाली करायची मुभा आहे ते डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावं.

किती दिवस? निदान दोन महिने. त्यानंतरही, सगळी लक्षणं जाऊन एक महिना सलग नीट गेल्याशिवाय डोस कमी करायला घ्यायचा नाही. ज्या मुलाचं संडासचं शिक्षण अजून चालू आहे त्याला ते पुरतं जमेपर्यंत औषध चालूच. प्रत्यक्षात सहा महिने, वर्ष सहज लागतं. पालकांना हे ऐकून धक्का बसतो आणि लगेच तीन प्रश्न येतात. सवय लागेल का? नाही, पेग आतड्याला आळशी करत नाही, आणि आतडं आळशी झालंच असेल तर ते ताणून राहिल्याने झालेलं असतं. ताणलेला गुदाशय मूळ मापावर यायला महिने लागतात, त्याला रिकामं राहू देणं हेच पेगचं काम. दुसरा प्रश्न इंटरनेटवरून येतो: हे गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते रसायन ना? तिथलं इथिलीन ग्लायकॉल हे वेगळं आणि विषारी. नावातलं "पॉलि" इथे फार मोलाचं आहे. औषधाच्या डब्यावर ३३५० हा आकडा असतो तो रेणूचं वजन सांगतो. इतका लांबलचक रेणू आतड्यातून रक्तात जवळजवळ शिरतच नाही, जसा आला तसा शीबरोबर निघून जातो. तिसरा प्रश्न, दुसरं काही नाही का? आहे. पेग मिळत नसेल किंवा सोसत नसेल तर लॅक्ट्युलोजचं गोड, दाट सिरप. गॅस जास्त होतो, पण चालतं. लिक्विड पॅराफिन असलेलं पांढरं किंवा गुलाबी औषध आपल्याकडे बरंच वापरलं जातं. ते तेल आहे, ठसका लागून फुप्फुसात गेलं तर तिथेच बसतं आणि न्यूमोनिया करतं. तान्ह्या बाळाला, वारंवार उलट्या होणाऱ्या किंवा गिळायला त्रास असणाऱ्या मुलाला ते नको, आणि आडवं पाडून, नाक दाबून तर कुणालाच नको.

आता कमोड. शी मऊ होऊन दोन-तीन आठवडे झाले, पडद्याआडचं ते उभं राहणं विरळ झालं, की मग. या मुलीला शी फक्त डायपरमध्येच करायची असेल तर डायपर परत द्यायचा. ही माघार नव्हे. थोपवून ठेवण्यापेक्षा डायपरमध्ये झालेली शी शंभर पट बरी. मग जागा बदलत न्यायची, सवय तीच ठेवून. पहिल्यांदा डायपर घालून करायची, पण बाथरूममध्ये. आठवड्याने डायपर घालूनच पॉटवर बसून. मग डायपर सैल बांधून. मग डायपर पॉटच्या तळाशी पसरून, ती वर उघडी. एखाद्या पायरीवर अडली तर मागच्या पायरीवर चार दिवस जास्त. बसायची वेळ जेवणानंतरची धरायची, कारण पोटात अन्न गेलं की मोठं आतडं आपोआप हलतं. नाश्त्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर, प्रत्येकी पाच मिनिटं, जास्त नाही. बक्षीस द्यायचं ते बसल्याबद्दल, शी झाल्याबद्दल नाही. शी होणं तिच्या हातात नसतं, बसणं असतं. हातात मोबाइल दिला तर ती वीस मिनिटं बसेल, पण पोटाकडे तिचं लक्षच राहणार नाही. फुगा फुगवायला द्यावा, फुंकर मारताना पोटाला आपोआप योग्य जोर लागतो.

आणि पाय. लोंबकळत्या पायांनी मोठ्या माणसालाही नीट होत नाही. पायाखाली ठोकळा किंवा पाट हवा, इतका उंच की गुडघे कमरेच्या वर यावेत. कोपर मांडीवर टेकून ती जराशी पुढे झुकली की गुदाशयाचा बाक सरळ होतो. हे आपल्या जुन्या बायकांना पाठ होतं. आई जमिनीवर पाय लांब करून बसायची, दोन्ही पावलांमध्ये फट ठेवून बाळाला पावलांवर बसवायची, बाळाचे गुडघे पोटाशी, पाठ आईच्या नडग्यांना टेकलेली. पडण्याची भीती नाही, भोक नाही, फ्लश नाही, जवळच आईचा आवाज. विशीतल्या आईला हे आता कुणी दाखवत नाही, आणि कमोडसाठी महागडी सीट घेऊन पायाखालचा साधा पाट राहून जातो. जमिनीवरचा साधा प्लास्टिकचा पॉट त्याच्या सगळ्यात जवळचा. फ्लश तिच्यासमोर करू नये. आपल्या शरीरातून निघालेलं काहीतरी गर्जना करत गडप होताना पाहून बऱ्याच मुलांची पाचावर धारण बसते.

खाण्यापिण्याचं थोडक्यात, कारण सगळा दोष त्यावरच लोटायची आपल्याला खोड आहे. दूध दिवसाला ४००-५०० मिलीच्या आत आणावं. बाटल्यांनी पोट भरलं की भाकरी-भाजीला जागाच उरत नाही. तंतू साधारण वय अधिक पाच इतके ग्रॅम, म्हणजे आपल्या मुलीला आठ. अर्धा पेरू, सालीच्या मुगाची खिचडी, ज्वारीची अर्धी भाकरी, भिजवलेल्या काळ्या मनुका बारीक करून, एवढ्यात ते होतं. पाणी तहानेपुरतं पुरे. बळेच चार ग्लास पाजल्याने शी मऊ होत नाही, ते शूमधून निघून जातं. आणि साठा आत असताना कोंडा किंवा इसबगोल वाढवू नये, वाट बंद असलेल्या रस्त्यावर आणखी ट्रक सोडल्यासारखं होतं ते.

औषध थांबवतानाही घाई नडते. पाच ग्रॅमवर तीन-चार महिने छान गेले की पुढचे तीन-चार आठवडे चार ग्रॅम, मग तीन, मग दोन, मग एक दिवसाआड दोन. या काळात फ्रिजवर कॅलेंडर लावून रोज फक्त ब्रिस्टलचा आकडा लिहावा. सलग दोन दिवस एक किंवा दोन दिसला, किंवा पडदा पुन्हा धरलेला दिसला, तर त्याच संध्याकाळी मागच्या डोसवर परत. शनिवारची अपॉइंटमेंट येईपर्यंत थांबायचं नाही, कारण तोवर एक कडक शी होऊन जाते. दुखणं उलटायच्या वेळाही ठरलेल्या असतात: तापाचं आजारपण, भावंडाचा जन्म, शाळेचा पहिला आठवडा, रेल्वेचा लांबचा प्रवास. गणपतीला गावी निघताना बॅगेत पावडरीचा डबा, मापाचा चमचा आणि तोच ओळखीचा प्लास्टिकचा पॉट असावा. पॉट जागा खातो, पण तो ठेवायला एखादी साडी कमी न्यावी.